पेटीवरचा ठोका

सेलूच्या ज्या जिनिंगमध्ये मी नोकरीला लागलो, तिथं दुपारी चारच्या सुमाराला माणसं गप्प व्हायची. यंत्रांची घरघर चालूच असायची. पण कापूस टाकणाऱ्या बाया हातातल्या पाट्या खाली ठेवायच्या आणि प्रेसच्या खोलीकडं बघत राहायच्या. मग प्रेसच्या लोखंडातून आवाज यायचा. ठक. मध्ये एखादा श्वास जाईल एवढा वेळ. परत ठक. परत ठक. तीन झाले की बाया पाट्या उचलायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, "चला, येऊन गेला."

पहिल्या दिवशी मी विचारलं, कोण येऊन गेला. कुणी सांगितलं नाही. प्रेसच्या खांबापाशी एक न पेटवलेली बिडी ठेवलेली दिसली, तेवढंच.

मी बीएस्सी झालेला माणूस. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. आई-बाप राणीसावरगावहून दर साल ऊस तोडायला जायचे आणि मी मागं आत्याकडं राहून शिकलो. हे मी अभिमानानं सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं जुनं नाव आहे. नोकरी मागायला गेलो तेव्हा नामांतराचं वातावरण तापलेलं होतं. शेठनं पदवी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "नावाबद्दल तुमचं काय म्हणणं हाय?"

मी म्हणालो, "बदललं पाहिजे."

ते म्हणाले, "बरं. पॅनल दुरुस्त करता येतं का?"

मी म्हणालो, "येतं." झाली नोकरी पक्की.

पॅनल म्हणजे प्रेसशेजारचं करड्या रंगाचं पत्र्याचं कपाट. रुईच्या गाठी बांधायची प्रेस आधी हातानं चालायची, म्हणजे वाल्व हातानं फिरवायचा. शेठनं गुजरातेतून इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणवला होता. एक हिरवं बटण दाबलं की पुढचं सगळं तो करायचा: तेलाच्या पंपाची मोठी रिले, म्हणजे विजेनं लागणारा-सुटणारा खटका, ओढायची, वाल्व उघडायचा, खालून दट्ट्या वर यायचा, रुई दाबायचा, थांबायचा, खाली जायचा. कामगार त्याला 'डबा' म्हणायचे. हा डबा वर्षभरात कितीदा तरी जळला होता आणि दर वेळी गुजरातला पाठवावा लागत होता. ते थांबवायला मला घेतलं होतं.

प्रेसची पेटी उंच. वरच्या माळ्यावरून तिच्यात रुई टाकायची, आणि एका माणसानं आत उतरून ती पायानं तुडवायची, म्हणजे जास्त मावते. तुडवून झालं की तो माळ्यावर चढून येतो. खाली बटणापाशी उभ्या असलेल्या प्रेसमनला वरचं काही दिसत नाही, आणि जिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून तिथली पद्धत अशी, की वर आलेल्या माणसानं हातातल्या कड्यानं पेटीच्या पत्र्यावर तीन ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे मी बाहेर आलो, दाबा बटण.

प्रेसमन म्हातारा होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. तुडवणारा तिशीतला, धिप्पाड, कमी बोलणारा. त्याच्या हातात लोखंडाचं जुनं कडं होतं. ते त्याच्या थोरल्या भावाचं. भाऊ याच पेटीत तुडवायचं काम करायचा आणि याच पेटीत गेला. मला हे मामानंच सांगितलं, चार दिवसांनी, चहा पिताना.

"ठोके बरोबर दिले होते त्यानं," मामा म्हणाला. "तीन. मीच ऐकले. पर टोपी आत राहिली म्हणून परत उतरला. मी तवा वाल्व फिरवला होता."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आता रोज देतो ठोके," मामा म्हणाला. "अन् नुसते ठोकेच न्हाई. दट्ट्या पण आपोआप वर येतोय. इतभर येतो अन् थांबतो. बटणाला कुणी हात न लावता. तुम्ही कालेजवाले, तुमाला पटायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी चारला मी मुद्दाम प्रेसपाशी उभा राहिलो. पेटी रिकामी होती. चारला कुणी आत उतरत नसे, हा तिथला अलिखित कायदा. तीन ठोके झाले. मी पॅनलला हात लावला होता, लोखंड हाताखाली थरथरलं. आणि मग, बटणाजवळ कुणी नसताना, दट्ट्या हलला. तेलानं चमकणारं ते जाड लोखंड अगदी सावकाश वर आलं, झोपलेल्या माणसाची छाती वर यावी तसं, आणि मध्येच थांबलं. माझ्या अंगावर काटा आला. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसालाही काटा येतो.

मग मी पॅनल उघडलं.

आत पहिल्यांदा दिसली ती जाड तांब्याची तार. फ्यूजच्या जागी काचेची नळी असायला हवी होती. आतली बारीक तार जास्त करंट आला की वितळते आणि लाईन तोडते, एवढंच तिचं काम. तिथं कुणीतरी मोटारीच्या वायरीतली तांब्याची तार पिळून बसवली होती. ती पॅनल जळून राख झालं तरी वितळली नसती. फ्यूजच्या पुढं रुपयाएवढी चकती असायला हवी होती. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. तिचे फक्त दोन काळे पाय उरले होते, आणि मागच्या पत्र्यावर काजळीचा डाग.

"ही तार कुणी घातली?" मी विचारलं.

"मी," मामा म्हणाला. "बारकी तार सारखी जायलाय, मंग काय करावं? जाड घातल्यापासून एकदा बी गेली न्हाई."

"फ्यूज गेली न्हाई मामा, डबा गेला. चारदा."

"डबा शेठचा हाय," मामा म्हणाला. "फ्यूज गेली की शिव्या मला पडत्यात."

मी पिशवीतून मीटर काढलं.

मीटर लावून मी काही दिवस चारची वाट पाहिली. चारला शेतीची थ्री-फेज लाईन यायची. आसपासच्या विहिरींवरचे शेतकरी स्टार्टरच्या हिरव्या बटणात काडी खोचून घरी जायचे, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू. सगळ्या शिवारातल्या मोटरी एका दमात उठायच्या. माझ्या मीटरचा काटा झोपायचा. व्होल्टेज एवढं पडलं की पंपाची मोठी रिले सुटायची: ठक. ती सुटली की पंपाचा भार जायचा, व्होल्टेज जरा वर यायचं, रिले परत ओढली जायची: ठक. पंप उठताना परत व्होल्टेज पाडायचा, रिले परत सुटायची: तिसरा ठक. पॅनलचा सांगाडा प्रेसच्या खांबाला बोल्टनं पक्का होता, म्हणून आवाज पेटीतून आल्यासारखा वाटायचा. आणि डबा? लाईन पडली की त्याची शुद्ध जायची, आली की तो भांबावून जागा व्हायचा, आपण कुठवर आलो होतो हे विसरायचा आणि वाल्व उघडून बसायचा. म्हणून दट्ट्या वीतभर वर.

हे मी सगळ्यांना उभं करून समजावलं. बायांनी ऐकून घेतलं. त्यातली एक म्हणाली, "म्हंजी शेतकऱ्यांच्या मोटरीनं भूत येतंय म्हना." सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी चारला बिडी होतीच.

तुडवणारा मात्र हसला नाही. संध्याकाळी माझ्या मागं मागं फाटकापर्यंत आला.

"भाऊ, तुमी सांगता ते खरं असंल," तो म्हणाला. "पर मामाला वाटतं तीन ठोके म्हंजी तो बाहेर आलाय. मला वर माळ्यावर ऐकाय येतं तवा तसं वाटत न्हाई. मला वाटतं तो सांगायलाय, मी अजून आतच हाय."

मी त्याला म्हणालो, हे ठोक्याचं बंद करा, वर दिवा लावू, किल्ली ठेवू, काहीतरी करू. शेठला विचारलं तर म्हणाले, सीझन संपल्यावर बघू. आणि तुडवणारा म्हणाला, "भावाचं कडं हाय. ठोका मी सोडनार न्हाई."

मला जे करता येत होतं ते मी केलं. तांब्याची तार काढून फेकली आणि मापाची काचेची फ्यूज बसवली. तिच्या पुढं लाईन आणि न्यूट्रलच्या मध्ये नवी चकती. ही चकती एरवी काहीच करत नाही, गप्प बसते. व्होल्टेज फार चढलं की मात्र ती वाट मोकळी करते आणि ते धक्के स्वतःतून जाऊ देते, पुढच्या डब्यापर्यंत पोचू देत नाही. बारीक धक्के ती झेलते. झेलता झेलता झिजतेही. जास्त वेळ चढतं राहिलं तर ती आतून शॉर्ट होते, करंट वाढतो, फ्यूज उडते आणि लाईन तुटते. दोघींची जोडी आहे. मागं फ्यूज नसली की चकती नुसती जळते, आणि नंतर डब्यासमोर कुणीच उरत नाही.

डब्यासाठी मी स्कूटरची बॅटरी आणि बारकं चार्जर लावलं. लाईन आली-गेली तरी डब्याची शुद्ध जाऊ नये म्हणून. आणि एक छोटी रिले अशी बसवली की फ्यूजपुढची लाईन गेली तर तिनं डब्याला कळवावं, आणि डब्यानं हातातला हुकूम रद्द करून जागच्या जागी थांबावं.

त्या दिवसापासून दट्ट्या आपोआप हलला नाही. ठोके यायचे, कारण मोठ्या रिलेची कॉइल लाईनवरच होती, बॅटरीवर ती ओढता येत नव्हती. मी मामाला सांगितलं, "चारचे ठोके आपले न्हाईत. त्यावर बटण दाबू नका."

"चारला मी हातच बांधून बसतो," मामा म्हणाला.

मग कापसाचा जोर आला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर, रस्त्यापर्यंत. आणि नेमक्या त्याच दिवसांत फ्यूज जायला लागली. एकदा चकतीसकट गेली. मी परभणीहून आणलेल्यांपैकी माझ्याकडं शेवटची चकती उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्यूज एकटीच गेली, जोरात वारा सुटला होता तेव्हा. प्रेस थांबली, पाठोपाठ जिनही. शेठ स्वतः आले.

"मामा, तार घाला," ते म्हणाले.

मामाकडं तार होतीच. टोपीत ठेवली होती. त्यानं ती काढली आणि माझ्याकडं बघितलं.

मी पॅनलच्या दारासमोर उभा राहिलो. म्हणालो, "शेठ, तार घालायची असंल तर आधी मला काढा."

"अहो, बाहेर गाड्या उभ्या हायत!"

"आत माणूस उभा असतो."

वर माळ्यावर तुडवणारा ऐकत होता. खाली वाकून म्हणाला, "शेठ, त्यांचं ऐका." त्यानं शेठला असं तोंडावर बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. शेठनं एकदा फाटकाकडं बघितलं. मग म्हणाले, "घाला तुमची शाळेतली फ्यूज. पर परत थांबली तर तुमी बी घरी अन् हा बी घरी." आणि गेले.

मी फ्यूज बसवली. प्रेस सुरू झाली.

त्यानंतर लगेचचीच गोष्ट, उन्हं अजून वर चढायची होती. चार वाजायला फार अवकाश होता, म्हणून कुणाच्या मनात काही नव्हतं. तुडवणारा पेटीत होता. मामा बटणापाशी. मी पॅनलचं दार उघडं ठेवून मीटर बघत होतो, कारण सकाळच्या त्या एकट्या फ्यूजचं कारण मला कळलं नव्हतं.

आधी दिवे बदलले. प्रेसच्या खोलीत दिवसाही बल्ब लागायचे. त्यातले आमच्या बाजूचे बल्ब पांढरे व्हायला लागले. पिवळे नाहीत, पांढरे. पलीकडं जिनच्या खोलीतले त्याच वेळी लाल होत गेले, विझत आलेल्या कोळशासारखे. मामाची सावली पेटीवर पडली, इतकी काळी आणि कडेला इतकी धारदार, की मला वाटलं मामाच्या मागं दुसरं कुणी उभं आहे. मग दिवे परत साधे. मग परत पांढरे. बाहेर वारा होता.

ठक.

ठक.

ठक.

पेटीच्या लोखंडातून. आणि ही वेळ चारची नव्हती. मामाचा हात माझ्या डोळ्यांसमोर हलला. त्या हातानं आयुष्यभर हेच केलं होतं, तीन ऐकायचे आणि दाबायचं. डोक्यावरचा बल्ब फुटला, काच आमच्या अंगावर पडली. पॅनलमध्ये निळी ठिणगी उडाली. आणि मामानं बटण दाबलं.

मी ओरडलो की नाही, मला आठवत नाही. आठवतं ते हे, की मी दट्ट्याकडं बघत होतो आणि तो हलला नाही. बटण मामाच्या अंगठ्याखाली पूर्ण आत गेलेलं होतं. पंप गप्प. रिले गप्प. पलीकडची जिनही बंद पडलेली. फक्त डब्यावरचा बॅटरीचा बारका लाल दिवा जळत होता.

मग वरून, पेटीच्या आतून, रुईत दबलेला आवाज आला, "मामा, दिवे कशानं गेले?"

मामानं बटणावरचा हात काढला नाही. त्याला काढताच येईना. मी जाऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो तिथंच खाली बसला.

"त्यानं ठोके दिले," मामा म्हणत होता. "त्यानं दिले. तीन दिले."

तुडवणारा बाहेर आला, अंगभर रुई. त्याला काही कळलं नव्हतं. म्हणाला, "मी कुठं दिले? मी आत होतो."

लाईनमननं दुपारी दाखवलं. खांबावरची न्यूट्रलची तार जोडात जळून सैल झाली होती आणि वाऱ्यानं लागत-सुटत होती. न्यूट्रल सुटली की एका बाजूचं व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्या बाजूचं दोनशे तीसवरून चारशेकडं चढतं. सैल होती तोवर रिले ओढली-सुटली, म्हणून ठोके. सकाळची फ्यूजही तिनंच खाल्ली होती. शेवटी तार पुरती सुटली, व्होल्टेज चढलं आणि चढलेलं राहिलं. चकती फाटली होती, तिचे दोन भाग झाले होते, आणि फ्यूजची काच आतून आरशासारखी चकचकीत काळी. पंपाची रिले आणि वाल्व दोघांची लाईन त्याच फ्यूजमधून जायची. फ्यूजच्या जागी मामाची तार असती तर चकती तशीच फुटली असती, पण लाईन तुटली नसती, आणि बटण चाललं असतं.

हे मी मामाला सांगितलं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "पर भाऊ, तुमची काचेची फ्यूज गेल्यावर पण एक ठोका झाला. चौथा. तो कशाचा?"

फ्यूज उडाल्यावर रिले शेवटची सुटते, तिचा असेल, असं मी सांगितलं. असणारच. पण मी स्वतः तीनच ऐकले होते.

शेठनं चकतीचे दोन तुकडे तळहातावर घेऊन पाहिले. विचारलं, "दुसरी हाय का?"

"न्हाई."

"मग परभणीला जा. तोवर प्रेस बंद." एवढंच. बाहेर गाड्या उभ्याच होत्या.

मी परतल्यावर एक बदल करून घेतला, सीझन संपायची वाट न बघता. काचेची फ्यूज मी ओढून काढता येईल अशा चिनी मातीच्या मुठीत बसवली आणि ती माळ्यावर, पेटीच्या तोंडाशी नेली. आत उतरायच्या आधी तुडवणाऱ्यानं मूठ ओढायची, कमरेला खोचायची आणि मगच उतरायचं. बाहेर आला की स्वतः परत बसवायची. मूठ त्याच्या कमरेला आहे तोवर खाली कुणी काही दाबलं तरी प्रेस मेलेली. ठोक्याची गरज संपली.

पहिल्या दिवशी कामाचा एवढा रेटा होता की चार वाजले तेव्हा तो पेटीतच होता. बायांनी सवयीनं पाट्या खाली ठेवल्या. शिवारातल्या मोटरी उठल्या असणार, बल्ब मंद झाले. जिन थांबवून आम्ही वाट बघितली. मूठ त्याच्या कमरेला होती, रिलेला लाईनच नव्हती, ठोका येणार कुठून? आला नाही. मला हे आधीच माहीत होतं, मीच तसं केलं होतं. तरी ती शांतता मला सोसवेना. कुणीतरी दार लावून घ्यावं आणि आतून काहीच चाहूल येऊ नये, तशी ती होती.

मग पेटीच्या आतून ठोके आले. ठक, ठक, ठक. हलके, कड्याचे.

मामा बटणापाशी उभा होता. त्याचा हात छातीशी गेला, खाली आला नाही. वर बघून त्यानं विचारलं, "तू हायेस का?"

"मीच हाय," आतून उत्तर आलं. मग म्हणाला, "त्याला सांगायलो होतो. जा म्हनून."

तो वर चढून आला, मूठ जागेवर बसवण्याआधी शिडीनं खाली उतरला आणि ती मामाच्या हातात दिली. मामानं ती दोन्ही हातांत धरली. मग माझ्या हातात दिली, बघा म्हणून. चिनी माती, एरवी कायम गार लागते. त्याच्या कमरेच्या उबेनं ती गरम झाली होती.